बॅच नंबर खरा, ट्यूब खोटी : ऑनलाइन घेतलेले सनस्क्रीन कसे तपासावे

गेल्या ऑक्टोबरात नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या माझ्या वहिनींनी एका ऑनलाइन बाजारावरून सनस्क्रीनच्या पन्नास ग्रॅमच्या दोन ट्यूब मागवल्या. छापील किंमत प्रत्येकी ६४९ रुपये होती आणि त्यांना एकेक ट्यूब २१९ रुपयांना पडली. मनात थोडी शंका होती म्हणून त्यांनी बॅच नंबर तपासणाऱ्या एका संकेतस्थळावर ट्यूबवरचा नंबर टाकला. तिथे हिरवी खूण आली, तेव्हा निर्धास्त होऊन त्यांनी मला सहज ती ट्यूब दाखवली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी अकरा वर्षे सौंदर्यप्रसाधनांच्या पॅकिंगची तपासणी केली आहे. त्यामुळे क्रीम पाहण्याआधी माझे लक्ष ट्यूबच्या मागच्या चपट्या कडेकडे गेले आणि तिथेच घोळ दिसला. बॅच नंबर कंपनीचाच होता, ट्यूब मात्र कंपनीची नव्हती. हे कसे होऊ शकते आणि घरबसल्या कसे ओळखता येते, ते त्या दोन ट्यूबच्या आधाराने क्रमाने सांगते.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा, कारण ‘डुप्लिकेट’ या एकाच शब्दाखाली आपण निरनिराळा माल घालतो. पहिला प्रकार पूर्ण नकलेचा, ज्यात खोके, ट्यूब आणि क्रीम सगळेच खोटे असते. दुसरा पुन्हा भरलेल्या मालाचा, ज्यात बाटली खरी आणि आतला ऐवज खोटा असतो. तिसऱ्या प्रकारात माल खरा असतो, पण मुदत संपत आल्यामुळे तारीख खोडून नवी टाकलेली असते. चौथा प्रकार परदेशातून परस्पर आणलेल्या खऱ्या मालाचा आहे. त्यावर भारतातल्या आयातदाराचे नाव, पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक नसतो. हा चौथा माल कायद्यात बसत नसला तरी तो नकली असेलच असे नाही. प्रत्येक प्रकार वेगळ्या खुणेने पकडला जातो, म्हणून एकाच तपासणीवर निर्णय देऊ नये.

खरेदीच्या आधी : विक्रेता कोण आहे

ऑनलाइन बाजारात वस्तूचे पान एक असते आणि त्यामागे विक्रेते अनेक असतात. पानावर दिसणारे चार-साडेचार तारे आणि हजारो अभिप्राय वस्तूचे असतात, विक्रेत्याचे नव्हे. दहा जणांनी खऱ्या दुकानदाराकडून घेऊन चांगले लिहिले, त्याच पानावर आज स्वस्त भाव लावून भलताच विक्रेता बसलेला असू शकतो. तो पिन कोडनुसारही बदलतो. वहिनींच्या ४२२००९ या पिन कोडवर जो विक्रेता दिसत होता, तो गंगापूर रोडच्या ४२२००५ वर दिसत नव्हता. म्हणून किमतीच्या खाली ‘Sold by’ या शब्दांपुढे कोणाचे नाव आहे ते आधी वाचावे. ‘Fulfilled by’पुढे बाजाराचेच नाव असेल तर त्याचा अर्थ इतकाच की माल त्यांच्या गोदामातून निघतो, तो माल विक्रेत्याने कुठून आणला, याची हमी त्यात नसते.

विक्रेत्याच्या नावावर बोट ठेवले की त्याचे स्वतंत्र पान उघडते. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार बाजाराने विक्रेत्याचे व्यावसायिक नाव, पत्ता आणि संपर्काचा तपशील ग्राहकाला दिसेल असा द्यायचा असतो. तिथे जीएसटी क्रमांक दिलेला असेल तर तो उतरवून घ्यावा. पानावर नसेल तर आधी घेतलेल्या एखाद्या वस्तूच्या बिलावर तो सापडतो. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्य सांगतात: महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७, गुजरातचे २४. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन. पॅनमधले चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, P असेल तर नोंदणी एका व्यक्तीच्या नावावर आहे, C असेल तर कंपनीच्या आणि F असेल तर भागीदारी संस्थेच्या.

आता services.gst.gov.in उघडून ‘Search Taxpayer’ मध्ये हा क्रमांक टाकावा. तिथे कायदेशीर नाव, व्यवसायाचे नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, ती कोणत्या तारखेपासून आहे आणि व्यवसायाची मुख्य जागा कुठे आहे, हे सगळे फुकट पाहता येते. वहिनींच्या विक्रेत्याची नोंदणी ऑगस्टमधली, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांपूर्वीची होती. ती एका व्यक्तीच्या नावावर होती आणि विक्रीसाठी नोंदवलेल्या वस्तूंत सौंदर्यप्रसाधने नव्हतीच. त्याच्या पानावर सनस्क्रीनशेजारी मोबाइलची कव्हरे आणि दिव्यांच्या माळा होत्या. यांतली एकेक गोष्ट गुन्हा ठरत नाही. प्रामाणिक माणूसही धंदा नव्याने सुरू करतोच. मात्र ज्या कंपनीचे वितरक ठरलेले आहेत, तिचा माल दोन महिन्यांच्या दुकानात निम्म्याहून कमी भावात कसा आला, हा प्रश्न इथे उभा राहतो.

विक्रेत्याचे अभिप्राय वाचताना एकूण सरासरी पाहू नये. फक्त शेवटच्या महिन्यातले एक तारा दिलेले अभिप्राय वाचावेत. ‘वास वेगळा आहे’, ‘खोके उघडे होते’, ‘आधीच्या ट्यूबसारखे नाही’ अशी वाक्ये निरनिराळ्या लोकांनी लिहिलेली दिसली, तर खरेदी तिथेच थांबवावी.

किंमत

स्वस्त म्हणजे खोटे, असे सरसकट म्हणता येत नाही. सणाच्या सेलमध्ये कंपनी स्वतःही बरीच सूट देते. म्हणून तुलना छापील किमतीशी न करता कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या सध्याच्या भावाशी करावी. या सनस्क्रीनचा तिथला सेलमधला भाव ५१९ रुपये होता. कॉलेज रोडवरच्या माझ्या ओळखीच्या दुकानदाराला तीच ट्यूब वितरकाकडून साडेचारशेच्या वर पडत होती.

आता २१९ रुपयांचा हिशेब करून पाहावा. अशा क्रीमवर अठरा टक्के जीएसटी आहे, म्हणजे २१९ भागिले १.१८ केले की विक्रेत्याच्या वाट्याला सुमारे १८६ रुपये उरतात. त्यातून बाजाराचे कमिशन आणि कुरिअर मिळून ऐंशी रुपये गेले असे धरले, तर हाती एकशे सहा रुपये राहतात. नाशिकचा दुकानदार साडेचारशेला घेतो ती वस्तू एकशे सहा रुपयांत देऊन कोणी नफा कमावत असेल, तर ती वस्तू तीच नाही. किंवा ती मुदत संपत आलेली आहे, किंवा चोरीची आहे. हा हिशेब करताना वजनही पाहून घ्यावे, कारण कधी कधी पंधरा ग्रॅमच्या छोट्या ट्यूबचा फोटो मोठ्या ट्यूबसारखा दिसतो आणि सगळा गैरसमज तिथेच झालेला असतो.

पार्सल उघडताना

पार्सल उघडतानाचा एकच सलग व्हिडिओ काढावा. त्याची सुरुवात कुरिअरच्या बाहेरच्या लेबलापासून करावी आणि शेवट ट्यूबच्या तोंडाजवळ करावा. मध्ये तुकडे पडले, तर ‘वस्तू तुम्हीच बदलली’ असे म्हणायला जागा राहते. बाहेरची पिशवी आणि बिल फेकू नये. दोन नग मागवले असतील तर तपासणीसाठी एकच उघडावा आणि दुसरा तसाच सीलबंद ठेवावा. वहिनींनी दुसरी ट्यूब नणंदेला, म्हणजे मलाच, भेट देण्यासाठी जपून ठेवली होती, ते फार बरे झाले.

सील

सीलबाबत बहुतेकांचा समज असा असतो की तोंडावर चंदेरी पत्री असली की माल खरा. ट्यूबच्या बाबतीत हा समज अर्धाच बरोबर आहे आणि त्याचे कारण कारखान्यात उभे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. ट्यूब तोंडाकडून भरत नाहीत. रिकामी ट्यूब येते तेव्हा तिचे टोपण लावलेले असते, ज्या ट्यूबला पत्री असते तिच्या तोंडावर ती आधीच चिकटवलेली असते आणि मागची बाजू उघडी असते. यंत्र त्या मागच्या बाजूने क्रीम भरते, कड गरम करून दाबते आणि उरलेला भाग कापून टाकते. तेव्हा तोंडावरची पत्री शाबूत असेल तर तोंड उघडले गेलेले नाही, एवढेच सिद्ध होते. ज्याला खऱ्या ट्यूबमध्ये खोटे क्रीम भरायचे आहे, तो मागची कड कापून भरतो आणि पुन्हा दाबतो.

हे पकडण्याचा उपाय साधा आहे. ओळखीच्या दुकानातून घेतलेली त्याच वजनाची ट्यूब शेजारी उभी करावी. कड कापून पुन्हा दाबलेली ट्यूब काही मिलीमीटर आखूड झालेली असते, तिच्यावरचा मजकूर कडेच्या फार जवळ येतो आणि दाबाच्या रेघा कधी कधी दुहेरी दिसतात. पत्रीसुद्धा सोलताना निरखून पाहावी. उष्णतेने चिकटवलेली पत्री सोलली की तोंडाच्या काठावर एकसारखे पातळ वर्तुळ उमटते; गोंदाने लावलेली पत्री अलगद निघते आणि मागे चिकट डाग ठेवते.

ड्रॉपरच्या सीरमच्या बाटल्यांना पुष्कळदा पत्री नसतेच. त्या बाटल्यांना मानेभोवती प्लास्टिकचे आकसलेले वेष्टन असते किंवा फक्त खोक्याला स्टिकर असतो. त्यामुळे ‘सील नाही’ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. त्या वस्तूच्या खऱ्या नगाला कोणते सील असते हे आधी पाहावे. चकाकणारा होलोग्राम तर मी पुराव्यात धरतच नाही. तो कोणीही छापून घेऊ शकतो.

वजनाच्या काट्यावरही फार विसंबू नये. पन्नास ग्रॅमच्या पाकिटात नऊ टक्के, म्हणजे साडेचार ग्रॅमपर्यंतची तूट वजनमापाच्या नियमांत चालते, तेव्हा दोन-तीन ग्रॅमचा फरक काहीच सांगत नाही. क्रीम पातळ झाले किंवा तेल वेगळे सुटले म्हणूनही घाईने खोटे ठरवू नये. एप्रिल-मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेले खरे सनस्क्रीनही फुटते.

बॅच नंबर

एका वेळी एका टाकीत तयार झालेला सगळा माल म्हणजे एक बॅच. तिच्यातून हजारो ट्यूब भरल्या जातात आणि त्या सगळ्यांवर एकच नंबर असतो. म्हणजे बॅच नंबर हा आधार क्रमांकासारखा एकेका वस्तूचा नसतो. नकली माल करणाऱ्याला तो शोधूनही काढावा लागत नाही. दुकानातली एक खरी ट्यूब घेऊन तोच नंबर तो दहा हजार ट्यूबवर छापतो. बॅच तपासणारी खासगी संकेतस्थळे फक्त इतके करतात की त्या कंपनीची नंबर देण्याची रीत त्यांना माहीत असेल तर नंबरावरून उत्पादनाची तारीख काढतात आणि त्यात बहुधा ठोकळ तीन वर्षे मिळवून मुदत दाखवतात. पुष्कळ भारतीय कंपन्यांची रीत त्यांना ठाऊकही नसते. हिरव्या खुणेचा अर्थ ‘असा नंबर असू शकतो’ एवढाच आहे.

म्हणून नंबर खरा आहे का, हे विचारण्याऐवजी नंबर बाकीच्या गोष्टींशी जुळतो का, हे विचारावे. नंबर जुळला तर काही सिद्ध होत नाही, पण जुळला नाही तर पुष्कळ सिद्ध होते. मी वहिनींच्या ट्यूबवर हीच तपासणी पुढील क्रमाने केली.

पहिल्यांदा खोके आणि ट्यूब यांवरचा नंबर व तारखा ताडून पाहिल्या. दोन्हीकडे बॅच केटी०१७, उत्पादन जून २०२५ आणि वापरण्याची मुदत मे २०२८ असे होते. इथवर सगळे जुळत होते.

दुसऱ्यांदा मुदतीची लांबी मोजली. कॉलेज रोडवरून मी त्याच दिवशी आणलेल्या ट्यूबवर उत्पादन जुलै २०२५ आणि मुदत जून २०२७ होती, म्हणजे चोवीस महिने. वहिनींच्या ट्यूबवर ती छत्तीस महिने होती. एकाच वस्तूची मुदत एका महिन्याच्या अंतराने वर्षभर कमी-जास्त होत नाही. मुदत बदलायची तर नव्याने टिकाऊपणाच्या चाचण्या कराव्या लागतात.

तिसरी तपासणी मला सर्वांत विश्वासाची वाटते, कारण तिच्यात यंत्राची सवय दिसते. ट्यूबवरचे नाव, चित्र आणि घटकांची यादी ट्यूब तयार होतानाच छापली जाते. बॅच नंबर मात्र भरण्याच्या वेळी उमटतो: कधी गरम जबड्याने कडेवर ठसा उठतो, तर कधी शाईच्या बारीक ठिपक्यांनी अक्षरे बनतात. त्यामुळे खऱ्या मालावर हा नंबर बाकीच्या छपाईपेक्षा वेगळा दिसतो आणि प्रत्येक ट्यूबवर एखादा मिलीमीटर इकडेतिकडे सरकलेला असतो. माझ्या ट्यूबच्या कडेवर नखाला जाणवेल असा ठसा होता आणि तो किंचित तिरका होता. वहिनींच्या दोन्ही ट्यूबची कड कोरी होती. नंबर पोटावर, बाकीच्या मजकुराच्याच शाईत, अगदी सरळ आणि दोन्ही ट्यूबवर नेमक्या एकाच जागी होता. तिथे नीटनेटकेपणाच संशयास्पद होता. अर्थात काही कंपन्या ठसा न उठवता शाईच वापरतात, म्हणून ही तुलना त्याच वस्तूच्या खऱ्या नगाशीच करावी. शाई पुसून पाहण्यासाठी स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नये. खरी शाईही त्याने निघते आणि पुरावा मात्र नष्ट होतो.

चौथ्यांदा मी त्याच सनस्क्रीनचे ग्राहकांनी टाकलेले जुने फोटो चाळले. वर्षापूर्वीच्या एका फोटोत केटी०१७ हाच नंबर सापडला आणि त्यापुढे उत्पादन फेब्रुवारी २०२४, मुदत जानेवारी २०२६ असे होते. एका बॅचला दोन जन्मतारखा असू शकत नाहीत. यामागचे कारणही उघड आहे: नक्कल करणाऱ्याने नंबर जुन्या ट्यूबवरून उचलला, पण जुनी तारीख तशीच ठेवली असती तर माल मुदत संपत आलेला दिसला असता, म्हणून तारीख पुढे ढकलली. त्यानंतर मी वहिनींना ते संकेतस्थळ पुन्हा उघडायला लावले. हिरव्या खुणेखाली बारीक अक्षरांत उत्पादनाचा महिना फेब्रुवारी २०२४ दिलेला होता. त्यांनी खूण पाहिली आणि महिना वाचलाच नव्हता.

या तपासणीला एक मर्यादा आहे. दहा ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या घट्ट वस्तू आणि पंचवीस मिलीलीटरपर्यंतच्या पातळ वस्तू यांना बॅच नंबर छापण्यातून नियमांत सवलत आहे. त्यामुळे काजळ, लिपस्टिक किंवा नेलपॉलिशवर नंबर नसणे हा स्वतंत्र पुरावा ठरत नाही. काही वस्तूंवर खरवडून पाहण्याचा कोड किंवा क्यूआर असतो. तो प्रत्येक नगाला वेगळा असल्याने बॅच नंबरापेक्षा उपयोगी आहे. मात्र स्कॅन केल्यावर उघडणारे पान कंपनीचेच आहे का, ते पत्ता अक्षर-अक्षर वाचून पाहावे, कारण खोट्या खोक्यावरचा क्यूआर खोट्याच पानावर नेतो.

खोटे निघाले तर

इथे घाईने परतीचे बटण दाबू नये. वस्तू परत गेली की पुरावाही जातो. आधी खोके, ट्यूब, कड, बॅच नंबर, तोंड आणि बिल यांचे स्पष्ट फोटो काढावेत आणि शक्य असल्यास खरी ट्यूब शेजारी ठेवून आणखी एक फोटो घ्यावा. हे फोटो कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवावेत, पण त्यासाठी पत्ता ट्यूबवरून न घेता कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावा. ‘ही वस्तू खरी आहे का’ असे मोघम विचारले तर मोघमच उत्तर येते. वहिनींनी ‘बॅच केटी०१७ चा उत्पादन महिना कोणता आणि या वस्तूची मुदत किती महिन्यांची आहे’ असे विचारले, तेव्हा चौथ्या दिवशी ‘फेब्रुवारी २०२४ आणि चोवीस महिने’ असे लेखी उत्तर मिळाले.

ते उत्तर जोडून बाजाराच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची, असे वर सांगितलेल्या नियमांतच आहे. परतीची मुदत त्याआधी संपत असेल तर मुदतीत परतीची मागणी नोंदवून ठेवावी, पण दोन नगांपैकी एक पुराव्यासाठी राखून ठेवत असल्याचे लेखी कळवावे. वहिनींना अकराव्या दिवशी पूर्ण पैसे मिळाले. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.

पैसे मिळाले तरी विक्रेता तिथेच राहतो. त्याच्याविरुद्धची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. महाराष्ट्रासाठी त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात बनावट प्रसाधन विकण्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार ग्राहकाला ठरलेली फी भरून आपण घेतलेली वस्तू सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते. अशा तपासणीसाठी न उघडलेला नगच उपयोगी पडतो, म्हणून दुसरी ट्यूब जपून ठेवायची.

संपलेल्या खऱ्या ट्यूब, बाटल्या आणि खोकी भंगारात देताना ट्यूब आडवी कापावी, बाटलीचे लेबल ओरबाडावे आणि खोके फाडून द्यावे. पुन्हा भरलेल्या मालाला लागणारी खरी बाटली आपल्यासारख्यांच्याच घरातून गेलेली असते.